मदत हवी आहे: वडिलांना भेटवस्तूसोबत पत्र, मजकूर बघून सांगा

ओढ्याकाठचा:
वडिलांना येत्या महिन्यात ७५ पूर्ण होतात. शेताच्या वाटणीवरून वाजलं, तेव्हापासून आमचं बोलणं नाही. आईशी फोन होतो. त्यांच्यासाठी रेडिओ घेतला आहे आणि सोबत पत्र द्यायचं आहे. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचंय. मजकूर असा:

"प्रिय अण्णा, इतकी वर्षं आपण बोललो नाही याचं वाईट वाटतं. माझंही चुकलं असेल, पण तुम्हीही कधी समजून घेतलं नाहीत. आता सगळं विसरून नव्याने सुरुवात करू. ही छोटीशी भेट स्वीकारा. फोनची वाट बघतोय."

काय बदलू?

रानफूल:
रेडिओ कशाला? मोबाइल द्या, व्हिडिओ कॉल होतील.

ओढ्याकाठचा:
वस्तू ठरली आहे. प्रश्न पत्राचा आहे.

जोशीकाका_सांगली:
"प्रिय" काढा. वडिलांना "तीर्थस्वरूप" लिहितात. खाली "शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष" हे सगळं पूर्ण हवं. मायना नीट असला की निम्मं काम झालं. आणि रजिस्टर करून पोचपावतीसह पाठवा, म्हणजे मिळालं की नाही ते कळेल.

टाकबोरू:
काका, "प्रिय" काढण्याबद्दल सहमत. पण सख्ख्या वडिलांना "तीर्थरूप", वडिलांच्या जागी असलेल्यांना "तीर्थस्वरूप". इथे "ती. अण्णांना, सा. न. वि. वि." एवढं पुरे. अबोल्यानंतर लांबलचक मायना आला की वाचणाऱ्याला त्यात टोमणा दिसतो.

रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं. पण मुद्दा तो नाही. जिथे जमिनीवरून फाटलं आहे, तिथे पोचपावतीवर सही मागणारा लिफाफा आला की घरात पहिली शंका वकिलाच्या नोटिशीची येते. पत्र रेडिओच्या खोक्यातच जाऊ द्या, पण तळाशी नको. झाकण उघडल्यावर सगळ्यात वर, लिफाफ्यावर फक्त "अण्णांना".

आता मजकूर. "चुकलं असेल, पण तुम्हीही" यात माफी आणि आरोप एका वाक्यात आलेत, आणि लक्षात राहतो तो आरोप. "सगळं विसरून" हे ज्याचं मन दुखलं त्याने म्हणायचं असतं. "फोनची वाट बघतोय" म्हटलं की भेट घेणं म्हणजे फोन करायला बांधील होणं. मग खोकं तसंच माळ्यावर जातं. तुमच्या पत्रात रेडिओबद्दल तर एक अक्षर नाही! वस्तूबद्दल लिहिलंत की अण्णांना पत्र हातात घ्यायला साधं कारण मिळतं. रेडिओच का, तेवढं सांगा.

ओढ्याकाठचा:
पहाटे विहिरीवर मोटर सुरू करायला जाताना ते खांद्याला रेडिओ अडकवून न्यायचे. सात पाचच्या बातम्या बांधावरच ऐकायचे.

टाकबोरू:
मग पत्र त्यातच आहे:

"ती. अण्णांना, सा. न. वि. वि.
तुम्हाला ७५ पूर्ण होत आहेत म्हणून हा रेडिओ पाठवतो आहे. मोठं बटण आवाजाचं, त्याच्या खालचं स्टेशनचं. सेल वेगळ्या पिशवीत आहेत. तुम्ही मोटर सुरू करायला जाताना रेडिओ खांद्याला असायचा आणि सात पाचच्या बातम्या बांधावर लागायच्या, ते मला आठवतं. दिवाळीत गावी येणार आहे. तुम्हाला चालणार असेल तर घरी येईन. आधी आईला फोन करून विचारेन."

खाली फक्त नाव. बटणांचं तुमच्या रेडिओप्रमाणे बदला. सेल आत घालून पाठवू नका; वाटेत बटण दाबलं गेलं तर उतरतात. मोतीबिंदू आहे म्हणून काळ्या जाड पेनाने, आखीव कागदावर एक ओळ सोडून लिहा. निळी शाई फिकी दिसेल. एका बाजूत मावलं पाहिजे. पानं वाढली की जुना हिशेब आत शिरतो.

सायली_ठाणे:
माझ्या वडिलांनी भेट न उघडताच परत पाठवली. आता पुन्हा पाठवावी का?

टाकबोरू:
लगेच तीच वस्तू नको. आधी नुसतं चार ओळींचं पत्र. पण तुमचा वेगळा धागा काढा, इथे दोन्ही गोष्टी मिसळतील.

ओढ्याकाठचा:
वाटणीच्या वेळी चारचौघांत मी त्यांना उलट बोललो. ते लिहायचंच नाही का?

टाकबोरू:
लिहा, पण नेमकं आणि "पण" न लावता: "वाटणीच्या दिवशी चारचौघांत मी तुम्हाला उलट बोललो, ते चुकलं." बातम्यांच्या ओळीनंतर, दिवाळीच्या आधी.

मीरा_क:
मला पटत नाही. त्यांना नीट दिसत नाही, म्हणजे पत्र आई किंवा शेजारचं पोर मोठ्याने वाचणार. चारचौघांत झालेल्या अपमानाची माफी पुन्हा चारचौघांतच वाचली गेली तर ते उठून जातील. ही ओळ समोरासमोर बोला.

टाकबोरू:
वाचणारी आईच असेल तर मी ओळ ठेवेन. अपमान लोकांसमोर झाला, तेव्हा निदान घरातल्या एकाने तरी ती कबुली ऐकावी. दुसरं कोणी वाचणार असेल तर मीराताईंचं बरोबर.

ओढ्याकाठचा:
आईला आज विचारतो, पत्र कोण वाचून दाखवेल ते. त्यावर ती ओळ ठरवेन.