बी विंगमधली सीईटी बॅच

सावंत सर (बी-104): 📢 नवीन बॅच! एमएचटी-सीईटी क्रॅश कोर्स (पीसीएम). बोर्डाची परीक्षा संपताच सुरू. 26 दिवस, सकाळी 7 ते 10, 10 पूर्ण सराव पेपर. फी फक्त 15,000 + जीएसटी. केवळ 25 जागा, 9 भरल्या. त्वरा करा! 🙏

गोखले काका (ए-302): ग्रुपवर जाहिराती नकोत असं ठरलं होतं ना? आणि पोरांच्या गाड्या कुठे लागणार?

मनीषाताई (सी-401): काका, एक मिनिट. सर, राग मानू नका. 26 दिवसांचे 78 तास. सीईटीचा पेपर तीन तासांचा, म्हणजे दहा पेपरांत 30 गेले. शिकवायला उरले 48.

सावंत सर: हो. तिन्ही विषयांना 16-16.

मनीषाताई: तिथेच गडबड आहे. 200 पैकी 100 मार्क एकट्या गणिताचे, 50 प्रश्न दोन-दोन मार्कांचे. त्याला 24 तास तरी द्या. दुसरं, फिजिक्स-केमिस्ट्रीचे 100 प्रश्न 90 मिनिटांत, म्हणजे एकाला 54 सेकंद. बोर्डासारखं पायरी-पायरीने मांडत बसणारी मुलं तिथेच अडकतात. निगेटिव्ह मार्किंग नसूनही शेवटचे प्रश्न कोरे राहतात. सराव पेपरात मार्कांच्या आधी कोरे प्रश्न मोजा.

गोखले काका: गाड्या??

शिंदे (बी-203): काका, गाड्यांना पण 54 सेकंद द्या 😂

जोशी काका (ए-101): जीएसटी 18 टक्के धरला तर 17,700 झाले. मग आकडा तोच लिहा. पावतीवर 27 ने सुरू होणारा 15 अंकी नंबर असणार ना? नोंदणी नसेल तर जीएसटी घेता येत नाही.

सावंत सर: उलाढाल 20 लाखांच्या आत आहे, त्यामुळे नोंदणी नाही. ती ओळ चुकून राहिली.

जोशी काका: चुकून 2,700 रुपये, माणशी 🙂

कदम वहिनी (बी-105): आमची भिंत सरांना लागून आहे म्हणून विचारते, हॉल 12 बाय 15 फूट. साधारण पावणेसतरा चौरस मीटर. केंद्राच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनांत विद्यार्थ्यामागे किमान एक चौरस मीटर आहे. 25 बसणार कसे?

सावंत सर: वहिनी, त्या सूचना 50 पेक्षा जास्त विद्यार्थ्यांच्या क्लासला आहेत.

कदम वहिनी: नियम लागू नसला म्हणून हॉल मोठा होत नाही, सर.

मनीषाताई: मध्येच सोडलं तर उरलेल्या दिवसांचे पैसे परत मिळतील का, तेही लिहा. त्याच सूचनांत दहा दिवसांत परत द्यावेत असं आहे. लागू नसलं तरी पालक विचारणारच.

सावंत सर: ठीक. सुधारित: 16 जागा, गणित 24 तास, बाकी 12-12. फी एकूण 15,000, वेगळा कर नाही. सोडल्यास उरलेल्या दिवसांचे पैसे दहा दिवसांत परत. 7 जागा शिल्लक.

शिंदे: म्हणजे 9 खरंच भरल्या होत्या 😄

गोखले काका: 16 म्हणजे निदान दहा दुचाक्या. गेटबाहेर लावायच्या की आत, एवढंच सांगा.