घामोळं, गांधी की पित्त? ‘कोलिनर्जिक अर्टिकेरिया’ला मराठीत काय म्हणावं?

रेघोटी
रुग्णांसाठीची एक छोटी पुस्तिका मराठीत आणतेय. विषय कोलिनर्जिक अर्टिकेरिया. व्यायाम केला, गरम पाण्यानं अंघोळ केली किंवा मनावर ताण आला की अंगभर टाचणीच्या डोक्याएवढे खाजरे ठिपके उठतात, तो प्रकार. मी ‘घामाच्या गांधी’ असं लिहिलं होतं. तपासणाऱ्यांनी ते खोडून ‘उष्ण घामोळे’ केलं आणि शेरा मारला की गांध चांगली पसरट असते, एवढ्या बारक्या पुरळाला कुणी गांधी म्हणत नाही. माझी आजी तर डास चावला तरी ‘गांध उठली’ म्हणायची. तुमच्याकडे काय म्हणतात?

काना_मात्रा
यात शोधायचं काय? अंगावर पित्त उठलं म्हणतात. जुना शब्द हवा तर शीतपित्त. पोटातलं पित्त वाढलं की ते अंगावर येतं, पोट शांत झालं की बसतं.

त्वचेचं_दप्तर
मी त्वचारोगांवर उपचार करते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. ‘पित्त’ हा शब्द लोकांच्या तोंडी आहे, त्याला माझी हरकत नाही. पण पोटातल्या आम्लाशी या गांधींचा संबंध नाही. या शब्दामुळे कितीतरी जण महिनोन् महिने आम्लपित्ताच्या गोळ्या घेत राहतात आणि खाज तशीच असते.

‘घामोळे’ मात्र नक्की नको. घामोळ्यात घामाच्या नळीचं तोंड बुजतं, घाम कातडीतच अडकतो आणि पुटकुळी येते. ती काही दिवस तिथेच असते, मग सुकते. कोलिनर्जिक प्रकारात घाम सुटायला लागल्यावर काही मिनिटांतच एक ते तीन मिलिमीटरचे ठिपके उठतात, भोवती लाल वर्तुळ पसरतं आणि बहुधा तासाभरात सगळं जिरून जातं.

आपल्या क्रियापदांनी हा फरक आधीच ओळखलाय. घामोळं ‘येतं’ आणि ‘सुकतं’. गांध ‘उठते’ आणि ‘बसते’ किंवा ‘जिरते’. नाम कुठलंही घ्या, पण पुस्तिकेत ‘उठणे’ आणि ‘जिरणे’ ठेवा. वाचणाऱ्याला आपला आजार त्यावरूनच ओळखू येईल.

सकाळची_फेरी
वरचं वाचून लिहावंसं वाटलं. मी दोन वर्षं याला घामोळंच समजत होतो. धावायला लागल्यावर आठ-दहा मिनिटांनी मानेपाशी आणि छातीवर सुया टोचल्यासारखं व्हायचं. मग बारीक दाणे. घरी येऊन घामोळ्याची पावडर लावायचो, थोड्या वेळात बरं वाटायचं आणि पावडर लागू पडली अशी खात्री व्हायची.

शंका आली ती एका तोंडी परीक्षेआधी. वर पंखा फिरत होता, मी खुर्चीत बसून होतो, तरी छातीवर तेच दाणे. त्यानंतर एकदा धावून आल्यावर पावडर लावलीच नाही. पेनानं चार दाण्यांभोवती गोल काढले. ४० मिनिटांनी गोल तेवढे उरले होते, आत नुसती साधी कातडी. दवाखान्यात पोचेपर्यंत दाखवायला काही उरायचं नाही, म्हणून पुढच्या वेळी शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढला. डॉक्टरांनी तो बघूनच नाव सांगितलं. आता रोज गोळी घेतो. पूर्ण गेलेलं नाही, पण धावणं सुटलेलं नाही.

आईपण
माझ्या बाळाच्या मानेवर चार दिवसांपासून बारीक लाल पुरळ आहे, तेच का हे?

त्वचेचं_दप्तर
चार दिवस एकाच जागी असेल तर हे नव्हे. हा आजार बहुतेक तरुण वयात सुरू होतो. बाळाची मान कोरडी आणि मोकळी ठेवा, आणि ताप आला किंवा पू दिसला तर दाखवून घ्या.

धातुसाधित
व्युत्पत्तीकडे बघा, मजा वाटेल. ‘कोलिन’ हे नाव १८६२ साली स्ट्रेकर या जर्मन रसायनज्ञानं दिलं. तो पदार्थ त्याला प्राण्यांच्या पित्तरसात मिळाला होता आणि ग्रीकमध्ये ‘खोले’ म्हणजे पित्त! म्हणजे ‘कोलिनर्जिक’च्या पोटात पित्तच बसलंय. आपले पूर्वज बरोबर होते. ‘पित्तज गांधी’ म्हणा.

त्वचेचं_दप्तर
योगायोग सुंदर आहे, पण योगायोगच आहे. इथे कोलिनर्जिक म्हणतात ते असिटिलकोलिनवरून. घामग्रंथींपर्यंत मज्जातंतूंचा निरोप हे रसायन पोचवतं. खाज आणि सूज येते ती मुख्यतः हिस्टामिनमुळे. काही रुग्णांना तर स्वतःच्याच घामाची अ‍ॅलर्जी असते.

काना_मात्रा
पोटाचं माझं चुकलं, मान्य. पण शीतपित्त शब्द सोडणार नाही. माधवनिदानात त्याचं वर्णन वरटी चावल्यासारखी सूज असं आहे. वरटी म्हणजे गांधीलमाशी. गांधी हा शब्द तिच्यावरूनच आला असणार.

धातुसाधित
किंवा गांधी उठवते म्हणून ती गांधील. उलटही असू शकतं. शिवाय शीतपित्तातलं ‘शीत’ म्हणजे थंड वाऱ्यानं उठणारं. गरम होऊन उठणाऱ्याला शीत म्हणायचं?

रेघोटी
मग तपासणाऱ्यांचा ‘उष्ण’ ठेवून ‘उष्ण गांधी’ चालेल?

त्वचेचं_दप्तर
तिथे दुसरीच अडचण आहे. उष्णतेच्या गांधी हा वेगळा आणि दुर्मीळ प्रकार आहे. गरम वस्तू जिथे टेकते तेवढ्याच जागी त्या उठतात. कोलिनर्जिक प्रकारात शरीर आतून तापावं लागतं. तपासतानाही एक दिवस सायकल चालवायला लावतात, नाडी हळूहळू वाढवत अर्धा तास. त्यात गांधी उठल्या तर दुसऱ्या दिवशी ४२ अंशांच्या पाण्यात १५ मिनिटं बसवून अंगाचं तापमान निदान एका अंशानं वाढवतात. दोन्ही वेळा उठल्या तर निदान पक्कं. नुसत्या व्यायामानंच उठल्या आणि गरम पाण्यानं नाही, तर व्यायामानं येणाऱ्या तीव्र अ‍ॅलर्जीचा विचार करावा लागतो, आणि ती जिवावर बेतू शकते. म्हणून पुस्तिकेत एक वाक्य ठळक छापा: गांधींबरोबर घसा आवळला, धाप लागली किंवा भोवळ आली तर व्यायाम तिथल्या तिथे थांबवा आणि लगेच दवाखाना गाठा.

सकाळची_फेरी
‘घामाच्या गांधी’ला माझं मत. मी हा शब्द वाचला असता तर दोन वर्षं पावडर चोळत बसलो नसतो.

त्वचेचं_दप्तर
माझ्या दोन रुग्णांना घाम फारच कमी येतो, तरी त्यांना हेच होतं. त्यांच्या हातात ‘घामाच्या गांधी’ ठेवली तर ‘हे आपलं नव्हे’ म्हणून बाजूला ठेवतील. मी स्वतः ‘कोलिनर्जिक गांधी’ म्हणते.

काना_मात्रा
अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी? ‘स्वेदज शीतपित्त’ का नको?

सकाळची_फेरी
कारण मला ते कळलं नसतं.

आजोळ
मूळ शेऱ्याबद्दल कुणीच बोललं नाही. आमच्याकडे गांध म्हणजे बोट फिरवलं की हाताला लागणारा फुगवटा. तो केवढा, याला महत्त्व नाही. मुंगी चावली तरी गांधच. त्यामुळे तपासणाऱ्यांचं पटत नाही. पण एक शंका आहे. तुम्ही सगळे एकीला ‘गांध’ आणि अनेकींना ‘गांधी’ लिहिताय. आमच्याकडे एक असली तरी ‘गांधी उठली’च म्हणतात. पुस्तिकेत एकवचन काय ठेवणार?

धातुसाधित
‘गांध’च. वेल, वेली तसं.

आजोळ
मग काठी, काठ्या तसं ‘गांधी, गांध्या’ का नाही? माझी मावशी ‘गांध्या’ म्हणते.