विषय: देवळात गुरुजींच्या पाया पडायचं की लांबूनच नमस्कार?

प्रेषक: अनघा

नमस्कार मंडळी,

येत्या शनिवारी आमची सून पहिल्यांदाच देवळात येणार आहे. ती मराठी नाही, हिंदूही नाही, पण मनापासून यायचं म्हणते आहे. काल तिनं विचारलं, "गुरुजी समोर आले की मी काय करू? शेकहँड करायचा का?" त्याच दिवशी एक संन्यासी स्वामीजी येणार आहेत आणि प्रवचनानंतर रांगेनं दर्शन आहे. आपण हे सगळं लहानपणापासून बघून बघून शिकलो. तिला सांगायला बसले तर मला नीट क्रमच लावता येईना. आधी कोणाला नमस्कार, हात कुठे, तोंडानं काय म्हणायचं, कोणी सांगेल का?

अनघा

---

प्रेषक: मिलिंद

अनघाताई, सोपं आहे. गुरुजी दिसले की आधी त्यांच्या पाया पडायचं, मग देवाच्या. "गुरुर्ब्रह्मा गुरुर्विष्णुः" आपण उगाच म्हणत नाही. आणि नमस्कार फक्त उजव्या हातानं, डावा हात लावायचाच नाही.

मिलिंद

---

प्रेषक: सुमतीकाकू

अनघा, मिलिंद,

गुरूचा मान मोठा, याबद्दल वाद नाही. पण देवळातले गुरुजी त्या वेळी देवाच्या सेवेत असतात. म्हणून आधी देवाचं दर्शन आणि मग गुरुजी, असाच क्रम तिला सांग. आमच्याकडे तर देवासमोर उभं राहून माणसाच्या पाया पडत नाहीत. घरातली वडीलधारी मंडळी बरोबर असली तरी त्यांना नमस्कार सभामंडपात, देवाच्या समोरून जरा बाजूला होऊन.

तिला सगळ्यात जपायचं आहे ते सोवळं. गुरुजी गाभाऱ्यात आहेत, अंगावर सोवळं आणि उपरणं आहे, हातात ताम्हन, पळी किंवा फुलं आहेत, ओठ मंत्रानं हलत आहेत, असं दिसलं की त्यांना स्पर्श करायचा नाही. सोवळ्यात कोणाचा हात लागला तर कडक पाळणाऱ्या गुरुजींना पुन्हा आंघोळ करून यावं लागतं आणि तोवर पूजा अडते. कधीकधी ते पाऊल मागे घेतात किंवा तळहात दाखवून थांबवतात. तो राग नसतो, लांबूनच नमस्कार करा एवढंच त्यांना सुचवायचं असतं. ज्याच्या हातात पूजेचं साहित्य आहे किंवा जो जपात आहे त्याला वाकून नमस्कार करू नये, हा आपल्याकडचा जुनाच दंडक आहे, कारण त्याला मधेच थांबून आशीर्वाद द्यावा लागतो. अशा वेळी तिनं छातीशी हात जोडून मान लववावी. बोलायची गरज नाही, आणि उत्तराची वाटही बघू नये.

आरतीनंतर गुरुजी तीर्थ देतील. उजव्या तळहाताची खोलगट ओंजळ करायची, डावा हात खाली धरायचा म्हणजे थेंब जमिनीवर सांडत नाही. पळीतलं तीर्थ हातावर पडलं की आवाज न करता प्यायचं. पुष्कळ गुरुजी तीन वेळा देतात, तेव्हा पहिल्या पळीनंतर लगेच निघून जाऊ नये म्हणावं. दक्षिणा द्यायची असेल तर तबकात ठेवायची, त्यांच्या हातात नाही. यातही सोवळ्याचंच कारण आहे.

मग गुरुजी बाहेर मंडपात येऊन बसले, प्रसाद देऊ लागले, की जवळ जाऊन "नमस्कार गुरुजी" म्हणायचं. एवढं पुरे आहे. तिला वाटलं तर वाकून पायांना हात लावावा. ते "कल्याणमस्तु" किंवा "आयुष्मती भव" म्हणतील, तोवर मान खालीच ठेवायची. लोक घाईनं आशीर्वादाच्या आधीच उठतात ते मला खटकतं. शेकहँडसाठी हात पुढे करू नये.

आता मिलिंद, डाव्या हाताचं. तीर्थ, प्रसाद, दक्षिणा यांना उजवा हात, हे बरोबर. पाया पडताना मात्र मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात उलट सांगितलं आहे. दोन्ही हातांची अढी घालायची, म्हणजे समोरच्याच्या उजव्या पायाला आपला उजवा हात लागतो आणि डाव्या पायाला डावा. आज असं करणारे कमी दिसतात, पण डावा हात वर्ज्य नाही.

सुमतीकाकू

---

प्रेषक: विश्वास

यावरून आठवलं. आमच्या इथल्या देवळात पुजारी दाक्षिणात्य आहेत. ते डोक्यावर मुकुटासारखं भांडं टेकवतात. नातवाला वाटलं प्रसाद आहे, त्यानं दोन्ही हात पुढे केले! ते नक्की काय असतं? आणि अर्चनेला गोत्र विचारतात, ते सुनेनं कोणतं सांगायचं?

विश्वास

---

प्रेषक: सुमतीकाकू

विश्वासराव, ती शठारी. वैष्णव देवळांत असते, तिच्यावर विष्णूच्या पादुका असतात. म्हणजे देवाचे पायच डोक्यावर ठेवले जातात. हात जोडून मान थोडी पुढे झुकवायची, भांड्याला हात लावायचा नाही. लग्न झालेल्या सुनेचं गोत्र नवऱ्याचंच सांगायची रीत आहे. माहीत नसेल तर बरेच गुरुजी काश्यप गोत्र धरून संकल्प करतात.

सुमतीकाकू

---

प्रेषक: रोहन

स्वामीजींच्या रांगेत मी सेवेला असतो, म्हणून तेवढंच लिहितो.

दशनामी संन्याशांना "ॐ नमो नारायणाय" म्हणतात, ते "नारायण" एवढंच म्हणतात. ते उलट हात जोडत नाहीत, संन्याशाची तशीच रीत आहे. वहिनींना आधी सांगून ठेवा, नाहीतर नमस्कार स्वीकारला नाही असं वाटेल. पायांना हात लावायचा की नाही, हे प्रत्येक स्वामींचं वेगळं असतं. काहींना कोणाचाच स्पर्श चालत नाही, काहींना स्त्रियांचा चालत नाही, काही ठिकाणी पुढे पादुका ठेवतात आणि नमस्कार त्यांनाच करायचा असतो. अंदाज बांधू नका, रांगेच्या तोंडाशी उभ्या असलेल्या सेवेकऱ्याला विचारा. फळ नेलं तर ते समोरच्या ताटात ठेवायचं.

वारकरी कीर्तनकारांचं मात्र अगदी निराळं. तुम्ही "राम कृष्ण हरी" म्हणून वाकलात की तेही तुमच्या पायाशी वाकतात. तेव्हा मागे सरकू नका.

रोहन

---

प्रेषक: मिलिंद

काकू, अढीचं मला ठाऊक नव्हतं. पण गुरू आधी की देव, हे मला अजून पटलेलं नाही. आमच्या मठात आधी महाराजांच्या पादुका आणि मगच मूर्ती.

मिलिंद

---

प्रेषक: सुमतीकाकू

मठात गुरुस्थान आहे, तिथं ते बरोबरच. मी देवळातल्या पुजाऱ्यांबद्दल म्हणत होते. तुमच्या मठातली रीत तुम्ही पाळा.

सुमतीकाकू

---

प्रेषक: अनघा

सगळ्यांचे खूप आभार. सुनेला वाचून दाखवलं. तिचा एक प्रश्न राहिला: हिंदू नसताना पाया पडलेच नाही तर गुरुजींना वाईट वाटेल का? आणि माझा स्वतःचा एक: तीर्थ घेतल्यावर ओला हात डोक्यावरून फिरवायचा की धुवायचा? माझी आई फिरवायची, सासूबाई म्हणायच्या की तो हात उष्टा झाला.

अनघा

---

प्रेषक: सुमतीकाकू

हात जोडले की नमस्कार झाला. पाया पडणं ज्याच्या त्याच्या मनावर, कोणी गुरुजी मनाला लावून घेणार नाहीत. तीर्थाबद्दल आमच्या घरातच दोन तट आहेत. मी आधी डोळ्यांना लावते, मग धुते.

सुमतीकाकू

---

प्रेषक: रोहन

उष्टा हात डोळ्यांना कसा लावायचा, काकू? आमच्याकडे तीर्थ उष्टं होत नाही असंच मानतात. असो. स्वामीजींकडे पादुका ठेवणार आहेत का, ते विचारून शुक्रवारपर्यंत इथेच कळवतो.

रोहन