शोरूमचं १० टक्के आणि खरं व्याज

«गाडीला ६० हजार कमी पडताहेत. शोरूमवाले १० टक्क्यांनी २४ महिन्यांचं लोन देतो म्हणतात. घ्यावं की साठवावं?»

आधी तो दर फ्लॅट आहे का, ते विचारा. फ्लॅट असेल तर दोन्ही वर्षं पूर्ण ६० हजारांवर व्याज लागतं, म्हणजे १२ हजार. एकूण ७२ हजार, हप्ता ३,०००. मुद्दल दरमहा फिटत जातं, पण व्याज कमी होत नाही, म्हणून खरा दर १८ टक्क्यांच्या आसपास जातो. घटत्या शिलकीवर १० टक्के असते, तर हप्ता साधारण २,७६९ बसला असता. शोरूममध्ये नुसता हप्ता सांगतात. तुम्ही हप्त्याला महिन्यांनी गुणा, ६० हजार वजा करा आणि प्रोसेसिंग फी मिळवा, तो कर्जाचा खरा खर्च.

तेच ३,००० दरमहा आरडीत टाकले तर २० महिन्यांत ६० हजार जमतात, वरचं व्याज वेगळं. म्हणजे गाडी २० महिने आधी दारात येण्याचे तुम्ही महिन्याला निदान ६०० मोजताय. राजवाड्याहून विजयनगरला रोज एकट्यानं ऑटो करत असाल, तर पेट्रोल धरूनही तेवढे बहुतेक वाचतील, घेऊन टाका. सिटी बसनं भागत असेल तर मी थांबेन. तोवर गाडीची किंमत थोडी चढेल, हे मात्र धरून चला.