मदत हवी आहे : वर्षांनंतर परतणाऱ्या दुःखावरील उपदेशाचा शेवट

नाशिकमधील आमच्या मराठी मंडळीत नाताळच्या आदल्या आठवड्यात, ज्यांच्या घरी पूर्वी कोणाचा मृत्यू झाला आहे अशा सभासदांसाठी, मला वीस मिनिटांचा उपदेश द्यायचा आहे. बहुतेकांच्या दुःखाला पाच ते बारा वर्षे झाली आहेत. एक विधवा भगिनी एरवी सावरलेल्या असतात, पण करंज्या करायला बसल्या की त्यांचा हात थांबतो आणि ‘माझा विश्वासच कमी पडतो का’ असे त्या विचारतात.

पहिला मसुदा मी १ थेस्सलनीकाकरांस ४:१३ वर लिहिला होता. पौल तेथे शोकाला मनाई करत नाही, आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका एवढेच म्हणतो. तरीही ज्या दोघा वडीलधाऱ्यांना तो वाचून दाखवला, त्यांनी ‘म्हणजे आता रडू नये’ असाच अर्थ घेतला. म्हणून मी उत्पत्ति ४८:७ कडे वळलो. आजारी, म्हातारा याकोब योसेफाच्या मुलांना आशीर्वाद देण्याच्या प्रसंगी मध्येच राहेलीच्या मृत्यूची आणि एफ्राथच्या वाटेवर तिला पुरल्याची आठवण काढतो, आणि त्यासाठी त्याला कोणी दोष देत नाही. मला हवे होते ते नेमके हेच.

अडचण अशी की कथा लगेच पुढे सरकते, सांत्वन येत नाही. योहान ११:३५ जोडावे, तर लाजर थोड्याच वेळात उठतो आणि ‘आमचे माणूस उठले नाही’ हा सल उरतो. कोणाचे नाव घ्यायचे नाही, साक्षही मागायची नाही. अशा श्रोत्यांसमोर शेवट याकोबापाशीच थांबवावा, की दुसरा एखादा शास्त्रभाग आपण वापरून पाहिला आहे?