प्रतिसाद: बिलं असली की झालं?

"बिलं, खातेवही सगळं जुळत होतं, मग ऑडिटरला घोटाळा कसा कळणार?"

अर्धं पटलं. ऑडिटर हमी देत नाही, वाजवी खात्री देतो. खोटे कागद आणि संगनमत असेल तर तोही फसू शकतो. पण एसए २४० या ऑडिटच्या मानकानुसार महसुलात गडबडीची जोखीम आहे असं धरूनच सुरुवात करायची असते, आणि व्यवस्थापन नियंत्रणं डावलू शकतं ही जोखीम तर प्रत्येक ऑडिटमध्ये असतेच. ती नाकारायची सोयच नाही.

एका कारखान्यात ३१ मार्चची चार मोठी बिलं होती, अगदी नीटनेटकी. ई-वे बिलं काढून पाहिली तर भाग-ब रिकामा, म्हणजे गाडीचा नंबरच नाही! गेटच्या वहीत गाडी बाहेर पडल्याची नोंद नव्हती, आणि एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात त्याच रकमांच्या क्रेडिट नोटा, म्हणजे विक्री परत रद्द! शिवाय ३१ मार्चच्या तारखेची एक हाताने टाकलेली जर्नल नोंद प्रत्यक्षात ९ एप्रिलला रात्री, थेट वित्तप्रमुखांच्या लॉगिनवरून झालेली. एरवी नोंदी करणाऱ्या अकाउंटंटला तिचा पत्ताच नव्हता. यातलं काहीच विक्रीच्या फाइलमध्ये सापडलं नसतं.