कोथरूड की वाकड, कोणता फ्लॅट विकावा? मदत हवी आहे

पुण्यात दोन फ्लॅट आहेत, दोन्हींवर कर्ज नाही. सहा महिन्यांत कर भरून हातात ६० लाख हवेत, म्हणून एक विकायचा आहे. कर्ज काढायचं नाही.

वाकडचा टू बीएचके साधारण ८५ लाखांचा, भाडं २८,००० म्हणजे कागदावर जवळपास ४ टक्के. पण भाडेकरू दरवर्षी बदलतात. महिनाभर रिकामा, शिवाय रंगकाम आणि दलाली मिळून ४०,०००. मेंटेनन्स ५४,०००, घरपट्टी १२,०००. उरतात २ लाख, म्हणजे २.४ टक्के.

कोथरूडचा वन बीएचके १९८८ च्या इमारतीत, वरच्या मजल्यावर. किंमत ७० लाख, भाडं १७,०००. मेंटेनन्स, घरपट्टी आणि दर पावसाळ्यातली गळती वजा करता १.६ लाख, म्हणजे २.३ टक्के. भाडेकरू मात्र उत्तम: ज्येष्ठ जोडपं, सात वर्षं भाडं वेळेवर.

म्हणजे उत्पन्नावरून निर्णय होत नाही. खरा प्रश्न कोथरूडच्या पुनर्विकासाचा. सर्वसाधारण सभेत ठराव झालाय, पण विकसक ठरलेला नाही आणि कन्व्हेयन्सही, म्हणजे जमिनीची मालकी सोसायटीच्या नावे होणंही, झालेलं नाही. दोन एजंटांना विचारलं. दोघेही कोथरूड विका म्हणतात, पण त्यांच्या भावात पुनर्विकासाचा एक रुपयाही धरलेला नाही. कराचा हिशोब सीएकडून घेतलाय, दोन्हींत गरज भागते.

ज्यांची सोसायटी या टप्प्यातून गेली त्यांनी सांगावं: कन्व्हेयन्स नसताना ठरावापासून करारापर्यंत किती वर्षं लागली, आणि विकसक ठरल्यावर जुन्या फ्लॅटचा भाव खरोखर किती वाढला?